मांजर आणताना या चुका टाळा: पिल्लू की मोठं?

"आम्ही दोघंही नोकरीवाले, म्हणून पिल्लूच द्या. लहानपणापासून आपल्या वळणाचं होईल." बेवारस मांजरं सांभाळून घरं शोधून देते मी, आणि हे वाक्य ऐकलं की कपाळावर हात मारावासा वाटतो. वळण लावायला घरी कोणी असावं लागतं!

असंच एक नऊ आठवड्यांचं पिल्लू मी भिडेपोटी एका जोडप्याला दिलं. घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात रिकामं, नंतर सहा वर्षांचा मुलगा आणि गोंधळ. पिल्लू दिवसभर झोपून ताकद साठवायचं आणि पहाटे साडेचारला पांघरुणाखालच्या अंगठ्यावर झडप घालायचं. त्यात मुलगा बोटं नाचवून खेळवायचा, म्हणजे हात हीच शिकार. दोन महिन्यांत त्याचे हात ओरबाड्यांनी भरले आणि पिल्लू 'चावरं' ठरून परत आलं. चावरं कसलं, एकटं होतं. सोबत भावंड असतं तर जोरात चावल्यावर उलटा चावा बसून ते आपोआप शिकलं असतं. त्याच घरात नंतर मुलांना सरावलेली पाच वर्षांची मांजरी दिली. दिवसभर खिडकीत झोपते, संध्याकाळी दाराशी येते.

मांजराचा स्वभाव साधारण दोन वर्षांनंतर पक्का होतो. पिल्लू घेताना तुम्ही अंदाज घेता, मोठं घेताना माणूस पाहून घेतल्यासारखं घेता. पिल्लूच हवं असेल तर दोन भावंडं न्या.

दुसरी चूक मोठं मांजर निवडताना होते. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात न हलणारं मांजर बघून लोक म्हणतात, "किती शांत!" ते शांत नाही, घाबरून थिजलेलं असतं. अंग जमिनीला चिकटलेलं, पाय पोटाखाली घट्ट, उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. खरंच निवांत मांजर एका कुशीवर पसरतं, तुमच्यासमोर अंग चाटतं. थिजलेलं मांजरही पुढे खुलतं, पण त्याला शांत घर लागतं, पाहुण्यांचा राबता नव्हे.

मांजर पारखायची माझी सवय सांगते. मी जमिनीवर पाठ अर्धी वळवून वीस मिनिटं बसते, हात पुढे करत नाही. मग लांबवर एक चमचा पाडते. दचकतात सगळीच, मी बघते सावरायला किती वेळ लागतो. मिनिटाभरात पुन्हा वास घेत फिरू लागलं तर गजबजलेल्या घरात निभेल. अर्ध्या तासानंतरही कपाटामागेच असेल तर नाही. पाच मिनिटांत फोटो काढून ठरवणाऱ्यांना मी मांजर देत नाही.

रंग बघून निवडू नका. कुणाला न विचारता मांजर भेट म्हणून देऊ नका.

आणि पहिल्याच दिवशी घरभर मोकळं सोडू नका. एक खोली, लपायला खोकं, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे, पाणी. आठवडाभर लपलं तरी चालेल, ओढून काढू नका. पण मोठ्या मांजरानं पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना गाठा. उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं. पिल्लासाठी तर तेवढीही वाट पाहू नका.