पावसाळ्यात हॉलमधली शिवाशिवी: वीस मुले, एक ठेका

पुढील खेळ सोसायटीच्या साधारण वीस फूट बाय तीस फूट हॉलसाठी बसवलेला आहे आणि त्यात पाच ते तेरा वर्षांची वीस मुले गृहीत धरली आहेत. खुर्च्या बाहेर काढाव्यात, छत्र्या व चपला दाराबाहेर ठेवाव्यात, फरशी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि सर्वांना अनवाणी खेळवावे. पायमोजे नकोत आणि सतरंजीही नको, कारण गुळगुळीत फरशीवर दोन्ही सरकतात.

चारही भिंतींपासून तीन फूट आत खडूने रेघ आखावी. एका वेळी दहा मुले रेघेच्या आत खेळतात आणि उरलेली दहा भिंतीला टेकून मांडी घालून बसतात. खेळणारा प्रत्येक जण कमरेला मागच्या बाजूने रुमाल खोचतो आणि त्याचे वीतभर टोक बाहेर लोंबते ठेवतो. ज्याच्यावर राज्य आहे त्याने हात लावायचा नसून हा रुमाल ओढायचा आहे. त्यामुळे पाठीत धपाटा बसत नाही आणि ‘लागला, नाही लागला’ हा वादही उरत नाही. फ्रॉक घातलेल्या मुलीच्या कमरेला सैल नाडी बांधून तीत रुमाल खोचावा. गळ्याभोवती मात्र काहीही बांधू नये.

आता खरी अडचण, म्हणजे वेग. ‘पळायचे नाही, फक्त चालायचे’ हा नियम मोठी माणसे हमखास सुचवतात आणि तो कधीच टिकत नाही, कारण राज्य असलेला जवळ आला की चालण्याचे पळणे नेमके कधी झाले हे कोणालाच सांगता येत नाही. हात मागे बांधून चालवण्याचा सल्ला तर धोक्याचाच आहे. तोल गेलेले मूल हात टेकू शकत नाही आणि तोंडावर आपटते. लंगडी मातीत ठीक, फरशीवर नको. हात धरून साखळी करण्याचा खेळही वयाने मिसळलेल्या मुलांत मी खेळू देत नाही, कारण मोठ्याने हिसका दिला की लहानग्याचे कोपर निखळू शकते, आणि पाच वर्षांखालील मुलांत हे सहज घडते.

यावर उपाय म्हणजे ठेका. एका मोठ्या माणसाने डफ किंवा पालथी प्लॅस्टिकची बादली घेऊन घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर एकेक ठोका द्यावा आणि प्रत्येक ठोक्याला प्रत्येकाने एकच पाऊल टाकावे. ठोका थांबला की सर्वांनी जागच्या जागी थांबायचे. कोपऱ्यात गर्दी झालेली दिसताच ठोका थांबवता येतो, म्हणून बादली मुलांच्या हाती देऊ नये आणि त्यांनी ‘फास्ट, फास्ट’ असा कितीही गिल्ला केला तरी गती वाढवू नये.

नुसता ठेका मात्र पुरत नाही, कारण एका ठोक्याला एकच पाऊल म्हटले की बारा वर्षांचा मुलगा चांगली चार फुटांची ढांग टाकतो. म्हणून आठ वर्षांच्या व त्यापुढच्या मुलांनी टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला चिकटवूनच पाऊल टाकावे. त्याहून लहान मुलांनी साधे पाऊल टाकावे. मोठ्याचे पाऊल सुमारे बावीस सेंटिमीटर पुढे जाते, तर लहानाचे साधारण चाळीस. मोठ्यावर राज्य आले की त्याने मागच्या पायाचा अंगठा आणि पुढच्या पायाची टाच यांच्यामध्ये एका पावलाएवढी जागा सोडावी. त्यामुळे तो सुमारे चव्वेचाळीस सेंटिमीटर सरकतो. म्हणजे समवयस्काला तो सहज गाठतो, पण लहान मुलाला पकडायला त्याला कोपरा साधावा लागतो. लहानावर राज्य असेल तर त्याची चाल साधीच राहते आणि तरीही दादा-ताई त्याच्या हाती लागतात. एरवी लिंबूटिंबू म्हणून मिरवण्यापुरते घेतलेले पाच वर्षांचे मूल इथे खरेखुरे राज्य घेते, आणि माझ्या मते या खेळाचे सारे चीज त्यातच आहे.

राज्य नसलेल्या मोठ्या मुलाच्या टाच आणि अंगठा यांत फट दिसली, तर त्या खेळाडूने पाच ठोके थांबावे. त्याला बाद करू नये. फटी पाहण्याचे काम भिंतीशी बसलेली मुले डोळ्यांत तेल घालून करतात.

ज्याचा रुमाल गेला तो भिंतीशी बसतो व रांगेतला पुढचा आत येतो. तीन रुमाल मिळाले किंवा दोन मिनिटे झाली की राज्य बदलावे, आणि तेही आळीपाळीने, एकदा मोठ्यावर, एकदा लहानावर.

ठोका थांबल्यावरही मुले आणखी एकदोन पावले पुढे जाऊ लागली, तर ती दमली आहेत किंवा त्यांचे लक्ष उडाले आहे असे समजून डाव तिथेच संपवावा, मग बाहेर पाऊस कितीही कोसळत असो.