लाल पट्टी बरोबर, खाच बरोबर, तरीही केबल उलटी

भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये इंटर्नशिप करत होते तेव्हाची गोष्ट. ATmega328P ही चिप बसवलेला बोर्ड होता आणि USBasp या प्रोग्रॅमर उपकरणाने त्यात प्रोग्रॅम टाकायचा होता. दोन्हींमध्ये दहा पिनांची रिबन केबल. बोर्डावर केबल खोचायचा हेडर आणि केबलचे कनेक्टर मीच बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले होते, सोल्डरिंगही माझंच.

केबल लावली, कनेक्टरचा उंचवटा खाचेत छान बसला, बोर्डावरचा एलईडीही लागला. कमांड दिली:

```
avrdude -c usbasp -p m328p
```

उत्तर आलं `target doesn't answer`. अर्धा दिवस मी ड्रायव्हर, क्रिस्टल, चिपचं फ्यूज सेटिंग असल्या शंका काढत बसले. एलईडी लागलाय म्हणजे सप्लाय आहेच, हे मी गृहीत धरलं होतं.

तिथले टेक्निशियन काका आले, एलईडीकडे बघून म्हणाले, "अगं, हा मिणमिणतोय. चिपवर व्होल्टेज मोज." चिपच्या ७ आणि ८ नंबरच्या पायांवर मीटर लावला. ५ व्होल्ट हवे होते, दिसले ३.७ च्या आसपास.

हेडर मी १८० अंश फिरवून सोल्डर केला होता. दोन ओळी, प्रत्येकी पाच पिना. भोकं दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यामुळे हेडर उलटाही तितक्याच सहज बसतो. खाच मात्र प्लास्टिकला असते, बोर्डाला नाही. केबल खाचेप्रमाणे बसते, त्यामुळे हेडर चुकला की हीच खाच केबलला चुकीच्या बाजूनेच बसायला लावते. लाल पट्टी केबलमधली पहिली तार दाखवते, बोर्डावरची पहिली पिन नाही.

आता तो एलईडी का लागला ते पाहा. केबल अशी फिरली की पिन १ च्या जागी १० येते, २ च्या जागी ९, म्हणजे दोन्हींची बेरीज ११. या दहा पिनी मांडणीत १ वर MOSI, २ वर VCC म्हणजे सप्लाय, ५ वर RESET, ७ वर SCK, ९ वर MISO आणि ४, ६, ८, १० वर ग्राउंड असतं. MOSI, MISO, SCK या चिपशी बोलायच्या सिग्नलच्या तारा. म्हणजे प्रोग्रॅमरचे ५ व्होल्ट माझ्या चिपच्या MISO पायावर गेले, आणि त्याचं ग्राउंड MOSI, SCK, RESET वर. चिपच्या पायांना आतून संरक्षक डायोड असतात. करंट MISO वरच्या डायोडमधून VCC वर चढला, एलईडीतून फिरला आणि ग्राउंडकडच्या डायोडमधून परत गेला. दोन डायोडांनी प्रत्येकी ०.६ ते ०.७ व्होल्ट खाल्ले, उरले ३.७. शिवाय RESET खाली ओढलेला, त्यामुळे चिप बोलणार तरी कशी? करंट थोडा होता म्हणून चिप वाचली. हे डायोड बोर्ड चालवण्यासाठी नसतात, जास्त भार असता तर चिप गेलीच असती.

मला वाटलं, कनेक्टरचा उंचवटा कटरने तासून केबल फिरवून लावावी. काकांनी हातातून कटर काढून घेतला. तशी केबल पुढच्या माणसाला कुठल्याही बाजूने लावता येते. त्यांनी सांगितलेला उपाय हेडरचा बळी घेणारा होता. आधी प्लास्टिकची चौकट कापून उचकटून टाकायची, मग एकेक पिन तापवून चिमट्याने ओढायची. दहाच्या दहा पिना एकदम काढायला गेलात तर ट्रॅक उखडतो. ग्राउंडच्या पिनांना जास्त वेळ लागतो, कारण मोठं तांबं उष्णता पळवतं.

नवा हेडर बसवण्याआधी दोन खुणा जुळवल्या. बोर्डावर पहिल्या पिनचा पॅड बहुधा चौकोनी असतो, बाकीचे गोल. हेडरवर त्या टोकाला छोटा त्रिकोण असतो. खाच १, ३, ५, ७, ९ या विषम पिनांच्या ओळीकडे यायला हवी. सुरुवातीला दोनच पिना सोल्डर करायच्या आणि पुन्हा बघायचं. दोन पिना काढणं सोपं असतं.

केबल स्वतः बनवत असाल तर तिथेही तोच त्रिकोण बघा. दोन्ही कनेक्टरांचा त्रिकोण लाल तारेवर यायला हवा. केबल कनेक्टरच्या कुठल्या बाजूने बाहेर पडते याने तारांचा क्रम बदलत नाही, चुकीच्या टोकाला लाल तार गेली की मात्र तोच ११ चा घोळ होतो. तारा सोलायच्या नाहीत, कनेक्टरचे दातच इन्सुलेशन चिरून आत जातात. पक्कडने एका बाजूने दाबलं तर काही दात अर्धवट राहतात, म्हणून मी व्हाइसमध्ये सपाट आणि हळूहळू दाबते. तारांमधलं अंतर फक्त १.२७ मिमी, त्यामुळे केबल तिरकी बसली तर शेजारच्या दोन तारा एकाच दातावर येऊ शकतात. मीटर बीपवर ठेवून १ ते १, २ ते २ असं तपासते, आणि मग १–२, २–३ असे शेजारी. या दुसऱ्या फेरीत बीप वाजायला नको.

नवा हेडर बसल्यावर आधी मीटर लावला. ग्राउंडच्या पिनेपासून चिपच्या ८ नंबर पायापर्यंत बीप वाजला, तेव्हाच केबल खोचली. या वेळी एलईडी खणखणीत उजळला आणि स्क्रीनवर `0x1e950f` ही चिपची ओळखीची सही आली. काका तोवर चहाला गेले होते.