बुद्धिबळाची स्कोअरशीट: एक चाल, एकच अर्थ

परभणी-नांदेडकडच्या स्पर्धांत हल्ली येणारी बरीच मुलं मोबाइलवर खेळून तयार झालेली असतात. खेळ चांगला असतो, पण मोबाइल चाली आपोआप लिहून घेतो, त्यामुळे हातात पेन घेऊन स्कोअरशीट भरायची वेळ पहिल्यांदा थेट स्पर्धेच्या टेबलावरच येते. क्लासिकल डावात चाल लिहिणं बंधनकारक आहे. वाद झाला, तर पंच तुमचं तोंडी म्हणणं ऐकून घेतील, पण डाव मांडून बघतील तो शीटवरूनच. म्हणून कसोटी एकच ठेवा: ज्याने डाव पाहिलाच नाही, त्याने तुमची शीट समोर घेऊन पट मांडला, तर प्रत्येक चालीला त्याच्यासमोर एकच शक्यता उरली पाहिजे.

आधी घराचं नाव पक्कं करा

उभ्या ओळींना a ते h ही अक्षरं आणि आडव्या ओळींना 1 ते 8 हे आकडे असतात. a1 हे पांढऱ्याच्या डाव्या हाताचं कोपऱ्यातलं काळं घर. घराचं नाव लिहिताना अक्षर आधी आणि आकडा नंतर येतो, अक्षर नेहमी लहान लिपीतलं.

इथली नेहमीची चूक काळ्याकडून होते. काळा खेळाडू पटाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, त्याच्या डाव्या हाताला h असतो. पटावर अक्षरं छापलेली नसली, की मुलं आपल्या बाजूने मोजायला लागतात आणि Nf6 ही चाल Nc3 म्हणून लिहितात, d5 ही e4 म्हणून. मागे उभं राहून “काय लिहायलास रे हे?” असं विचारलं, की पोरगं पटाकडे बोट दाखवतं, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरही दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे. काळ्याच्या पहिल्या चालीत 5 किंवा 6 हाच आकडा दिसायला हवा. तिथे 3 किंवा 4 दिसला, की पट उलटा मोजला आहे.

मोहऱ्यांसाठी मोठी इंग्रजी अक्षरं वापरतात: राजा K, वजीर Q, हत्ती R, उंट B आणि घोडा N. प्याद्याला अक्षर नाही, फक्त घर लिहायचं. जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या नियमांनुसार आपल्या भाषेतली अक्षरंही चालतात, पण आपल्याकडच्या स्पर्धांत इंग्रजीच रूढ आहेत, तीच हातात बसवा. मारलं तर मध्ये x. राजाकडच्या बाजूचा किल्लेकोट 0-0, वजिराकडचा 0-0-0.

एक डाव लिहून बघा

घरचा पट काढा आणि ही सुरुवात मांडत चला. प्रत्येक ओळीत आधी पांढऱ्याची चाल आहे, मग काळ्याची.

```
1.  e4    e5
2.  Nf3   Nc6
3.  Bc4   Bc5
4.  c3    Nf6
5.  d3    d6
6.  0-0   0-0
7.  Nbd2  a6
8.  Bb3   Ba7
9.  h3    h6
10. Re1   Be6
11. Bxe6  fxe6
12. Nf1
```

सातव्या चालीला थांबा. पांढऱ्याचा एक घोडा b1 वर आहे, दुसरा f3 वर, आणि d2 वर दोघंही जाऊ शकतात. नुसतं Nd2 लिहिलं, तर वाचणाऱ्यासमोर दोन वेगवेगळे डाव उभे राहतात. म्हणून मोहऱ्याच्या अक्षरानंतर तो ज्या उभ्या ओळीतून निघाला तिचं अक्षर घालायचं: Nbd2.

आता बारावी चाल बघा. घोडे अजून दोनच आहेत, d2 आणि f3 वर, तरी Nf1 एवढंच पुरतं, कारण f3 वरचा घोडा f1 वर जाऊच शकत नाही. त्यामुळे चाल लिहिताना “माझ्याकडे दोन घोडे आहेत का” हे विचारू नका. “दुसरा घोडा याच घरात येऊ शकला असता का” हे विचारा. उत्तर नाही आलं, तर जास्तीचं अक्षर नको.

अकराव्या चालीतलं fxe6 सुद्धा नीट पाहा. प्याद्याने मारलं, की ते कुठल्या उभ्या ओळीतून आलं ते अक्षर सुरुवातीला लिहायचंच, दुसरं प्यादे मारू शकत असो वा नसो. जाता-जाता मारतानाही तसंच. e5 वरच्या पांढऱ्या प्याद्याने, d7 वरून एकदम d5 वर आलेल्या प्याद्याला मारलं, तर लिहायचं exd6. मेलेलं प्यादे d5 वर होतं, पण आपण d6 वर पोचलो. लिहायचं ते पोचल्याचं घर.

दोन सारखे मोहरे, एक घर

सगळ्यांत जास्त घोळ हत्तींच्या चालीत होतो. हत्ती a1 आणि f1 वर आहेत, मधली घरं मोकळी झाली आहेत, आणि खेळाडू लिहितो Rd1. इथे Rad1 किंवा Rfd1 यांपैकी एक लिहायलाच हवं. मोहरे वेगवेगळ्या उभ्या ओळींत असतील तेव्हा नेहमी अक्षर वापरायचं, मग ते एकाच आडव्या ओळीत असोत वा नसोत. Nbd2 मध्ये घोडे पहिल्या आणि तिसऱ्या आडव्या ओळीत होते, तरी आपण अक्षरच लिहिलं.

दोघे एकाच उभ्या ओळीत असतील तर अक्षराचा उपयोग नाही, मग आकडा येतो. घोडे g1 आणि g5 वर असून f3 वर जायचं असेल, तर N1f3 किंवा N5f3. इथे मुलं Ngf3 लिहितात. दिसायला काळजीपूर्वक लिहिलेलं वाटतं, पण दोन्ही घोडे g मध्येच असल्याने त्यातून काहीच कळत नाही.

एक बारकावा मोठ्या खेळाडूंनाही अडवतो:

```
1. d4   Nf6
2. c4   e6
3. Nc3  Bb4
4. e3   0-0
5. Ne2
```

c3 आणि g1 असे दोन्ही घोडे e2 पर्यंत पोचतात, मग Nge2 का नाही? कारण c3 वरचा घोडा हलला, तर b4 वरच्या उंटाचा शह थेट e1 वरच्या राजाला बसतो. तो घोडा बांधलेला आहे, ती चाल नियमात बसतच नाही, म्हणून शक्यता एकच उरते. तरी हाताने लिहिताना तुम्ही Nge2 लिहिलंत तर कुठलाही पंच हरकत घेणार नाही. शंका आली की अक्षर घाला, जास्तीच्या अक्षराने अर्थ बिघडत नाही.

आणि Rd1 असं लिहून पंधरा चाली उलटून गेल्या असतील तर? शीट पुढे वाचत जा. नंतर कुठे Rfe1 सापडलं, तर f1 वरचा हत्ती तोपर्यंत तिथेच होता, म्हणजे d1 वर a चाच हत्ती गेला होता. असा पुरावा मिळाला, की डाव पुन्हा उभा राहतो. नाही मिळाला, तर ती शीट तिथून पुढे अंदाजाने वाचावी लागते.

शह आणि मात

शहासाठी चालीच्या शेवटी +, मातीसाठी #. फिडेच्या नियमांत मातीसाठी ++ सुद्धा मान्य आहे. काही जुन्या पुस्तकांत मात्र तेच ++ दुहेरी शहासाठी वापरलेलं दिसतं, म्हणून # बरं. x आणि + या खुणा ऐच्छिक आहेत. + राहिलं म्हणून चाल बाद होत नाही. पण लिहीत जा, कारण नंतर डाव मांडताना शह लिहिलेला आहे आणि पटावर शह दिसत नाही असं झालं, की आधीची एखादी चाल चुकीची मांडली हे त्याच जागी कळतं.

प्याद्याची बढती

प्यादे आठव्या (काळ्याचं असेल तर पहिल्या) ओळीत पोचलं, की घरानंतर लगेच नव्या मोहऱ्याचं अक्षर लिहायचं: e8Q. मोबाइलवर e8=Q दिसतं, तेही वाचताना तसंच समजायचं. मारून बढती आणि वर शह असेल, तर सगळं ओळीने येतं. b7 वरच्या प्याद्याने a8 वरचा हत्ती मारला, वजीर घेतला, आणि आठव्या ओळीतून g8 वरच्या राजाला शह बसला: bxa8Q+.

“वजीरच घेणार, लिहायचं काय त्यात” असं म्हणून नुसतं e8 लिहिणारे बरेच आहेत. त्यांनी ही स्थिती मांडावी. पांढऱ्याचा राजा c3 वर, प्यादी e7, g2 आणि h3 वर. काळ्याचा राजा g7 वर, वजीर d6 वर. पांढऱ्याने वजीर घेतला, तर दोघांकडे एकेक वजीर आणि डाव लांबतो. पण घोडा घेतला, तर e8 वरून तो g7 च्या राजाला शह देतो आणि त्याच वेळी d6 चा वजीर धरतो:

```
1. e8N+  Kf7
2. Nxd6+
```

शीटवर नुसतं e8 असेल, तर पुढचं Nxd6 वाचणाऱ्याला हा घोडा आला कुठून ते कळणार नाही.

पटावरची कृतीही इथेच सांगतो, कारण इथे डाव हातचे जातात. जवळ जास्तीचा वजीर नसेल, तर हत्ती उलटा ठेवून “हा वजीर” म्हणू नका. उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच धरला जातो. घड्याळ थांबवा आणि पंचांकडे वजीर मागा, तो तुमचा हक्क आहे. प्यादे शेवटच्या घरात तसंच ठेवून घड्याळ दाबलंत, तर ती नियमबाह्य चाल ठरते आणि प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात.

दोन वजीर झाले, की वरचा नियम त्यांनाही लागतो. e8 आणि e2 वर वजीर असून e5 वर जायचं, तर Q8e5 किंवा Q2e5.

कधी लिहायचं

आधी चाल खेळा, मग लिहा. उलट क्रम नियमात बसत नाही. प्रतिस्पर्ध्याची चाल लिहायच्या आधी तुम्ही उत्तर खेळू शकता, पण स्वतःची मागची चाल लिहिल्याशिवाय पुढची खेळता येत नाही. घड्याळात पाच मिनिटांहून कमी उरली आणि दर चालीला 30 सेकंद किंवा जास्त वाढ मिळत नसेल, तर लिहिणं थांबवता येतं. वाढ 30 सेकंदांची असेल, तर शेवटपर्यंत लिहायचं. बरोबरीचा प्रस्ताव कोणीही दिला, तरी दोघांनी आपापल्या शीटवर त्या चालीपाशी (=) अशी खूण करायची.

आधी लिहून मग खेळायला मुभा आहे ती बरोबरीचा दावा करताना. तुमच्या पुढच्या चालीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर ती चाल शीटवर लिहा, पटावर खेळू नका, घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलवून ही चाल खेळणार असल्याचं सांगा. खेळायच्या इराद्याने मोहऱ्याला हात लावला, की त्या चालीवरचा दावा गेला.