थंड नमुना, गरम निदान: ऑटोइम्यून हिमोलिटिक अॅनिमियात या चुका टाळा

आमच्या बेळगावातल्या प्रयोगशाळेत दर हिवाळ्यात एक फोन ठरलेला असतो. पलीकडून एखादे तरुण डॉक्टर उत्साहाने सांगतात की तांबड्या पेशींवर प्रतिपिंड किंवा कॉम्प्लिमेंट प्रथिने चिकटली आहेत का हे पाहणारी कूम्ब्स चाचणी रुग्णात पॉझिटिव्ह आली आहे आणि त्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केले आहे. मी विचारते, पॉझिटिव्ह कशासाठी, आयजीजी या प्रतिपिंडासाठी की सी३डी या कॉम्प्लिमेंटच्या तुकड्यासाठी? त्यावर बहुतेक वेळा शांतता पसरते. स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंड तयार होणाऱ्या या आजाराचे गरम आणि थंड असे दोन मुख्य प्रकार आहेत. त्यांतील प्रतिपिंड वेगळे, ते चिकटण्याचे तापमान वेगळे, पेशी मारल्या जाण्याची जागा वेगळी, आणि म्हणून उपचारही वेगळे. हा प्रश्न न विचारता गोळी लिहिणे म्हणजे पत्ता न वाचता पत्र टाकणे होय.

बर्फाच्या डब्यातून आलेला नमुना

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, आणि एकदा ती जवळजवळ माझ्याच हातून घडली. जानेवारीतली गोष्ट आहे. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहणाऱ्या चौसष्ट वर्षांच्या एका आजींचे रक्त एका संकलन केंद्राने बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून पाठवले होते. थंड ठेवले की रक्त चांगले टिकते, एवढाच विचार त्यामागे होता. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने नमुना मशीनवर लावला आणि थोड्याच वेळात ती माझ्याकडे आली.

"मॅडम, मशीन बिघडलंय वाटतं. दुसऱ्यांदा लावू का?"

कागदावर हिमोग्लोबिन ७.४ होते, म्हणजे कमी पण शक्य असलेले. तांबड्या पेशींची संख्या मात्र फक्त १२ लाख, पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ११८ आणि पेशींतले हिमोग्लोबिनचे प्रमाण म्हणजे एमसीएचसी ५२ दिसत होते. तिने दुसऱ्यांदा लावून आकडे तेच आले असते, आणि मग एमसीव्ही वाढलेले पाहून 'बी-१२ची कमतरता असू शकते' असा शेरा मारून अहवाल बाहेर गेला असता. खरे सांगायचे तर त्या दिवशी गर्दी इतकी होती, की माझाही पेन त्या शेऱ्याकडे वळला होता. मला अडवले ते ५२ या आकड्याने. एमसीएचसी सहसा ३२ ते ३६ असते. गरम प्रकारात पेशी गोल गोळ्यांसारख्या झाल्या की ते ३७-३८ पर्यंत चढू शकते, परंतु ५२ इतके हिमोग्लोबिन कोणत्याही पेशीत मावत नाही.

त्यामागचे कारण सोपे आहे. थंड प्रकारातला आयजीएम हा पाच एककांचा मोठा प्रतिपिंड असतो आणि तो एका वेळी अनेक पेशींना धरून ठेवतो. नमुना गार झाला की पेशींचे पुंजके होतात. मशीन एका पुंजक्याला एकच मोठी पेशी समजते, आणि फार मोठा पुंजका मोजतच नाही. त्यामुळे संख्या घसरते, आकार फुगतो, आणि या दोन्हींवरून काढलेला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, चुकतो. हिमोग्लोबिन मोजण्यापूर्वी मात्र मशीन सर्व पेशी फोडते, म्हणून तो आकडा खरा राहतो. खऱ्या हिमोग्लोबिनला खोट्या हिमॅटोक्रिटने भागले की ५२ सारखा अशक्य आकडा बाहेर पडतो.

आम्ही ती नळी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, हलक्या हाताने उलटसुलट केली आणि गार होऊ न देता लगेच मशीनला लावली. हिमोग्लोबिन ७.४ वरच राहिले, पेशींची संख्या २३.५ लाख झाली, एमसीव्ही ९६ वर आणि एमसीएचसी ३३ च्या खाली उतरले. हिमोग्लोबिनची तिप्पट म्हणजे अंदाजे हिमॅटोक्रिट, हा जुना ठोकताळा पुन्हा जुळला. बी-१२चा प्रश्नच उरला नाही.

माझी सवय अशी आहे की एमसीएचसी ३८ च्या वर दिसले की मी प्रथम काचपट्टी पाहते आणि मगच मशीनला दोष देते. पुंजके दिसले तर नळी गरम करते. रुपयांच्या चळतीसारख्या रांगा दिसल्या तर सलाइनचा थेंब टाकून पाहते, कारण रांगा सलाइनने सुटतात आणि पुंजके सहसा सुटत नाहीत. प्लाझ्मा दुधाळ असेल तर चरबीमुळेही एमसीएचसी खोटे वाढते, म्हणून तेही तपासते. गरम करूनही पुंजके सुटले नाहीत, तर प्लाझ्मा काढून त्याच मापाचे कोमट सलाइन घालते. हे सगळे करायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ नाही म्हणणाऱ्यांना, चुकीचा अहवाल निस्तरायला किती दिवस जातात, ते ठाऊक नसते.

"कूम्ब्स पॉझिटिव्ह" एवढेच लिहिणे

त्याच आजींची पुढची हकीकत दुसऱ्या चुकीची आहे. त्यांची फाइल उघडल्यावर कळले की सहा आठवड्यांपूर्वी दुसरीकडे त्यांची कूम्ब्स चाचणी झाली होती, त्या अहवालात "पॉझिटिव्ह" हा एकच शब्द होता, आणि तेव्हापासून त्या रोज प्रेडनिसोलोन घेत होत्या. हिमोग्लोबिन जागचे हलले नव्हते, साखर मात्र वाढली होती.

गरम प्रकारात आयजीजी ३७ अंशांना, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या तापमानाला, पेशीला चिकटतो. पांथरीतल्या मॅक्रोफेज पेशींवर आयजीजीचे शेपूट पकडणारे ग्राहक असतात, आणि पांथरीत रक्त सावकाश झिरपत असल्यामुळे त्यांना हवा तेवढा वेळ मिळतो. मॅक्रोफेज पुष्कळदा पूर्ण पेशी गिळत नाही, तिच्या आवरणाचा लचका तोडतो. आवरण कमी झालेली पेशी गोल होते, तिचा लवचीकपणा जातो, आणि पुढच्या फेरीत ती पांथरीतच अडकून मरते. काचपट्टीवर दिसणारे गोल, गडद, मधला फिकटपणा हरवलेले स्फेरोसाइट याच कामाचा पुरावा असतात. स्टिरॉइड हे काम मंदावते, म्हणून गरम प्रकारातील बहुतेक रुग्णांत दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो, आणि औषधांनी भागले नाही तर पांथरी काढण्यालाही अर्थ असतो.

थंड प्रकारात घटना वेगळ्या ठिकाणी घडतात. बोटे, नाक, कान येथे रक्त गार झाले की आयजीएम पेशीला चिकटतो आणि कॉम्प्लिमेंट प्रथिनांची साखळी सुरू करतो. पेशी आत गरम भागात परतली की आयजीएम सुटून जातो, पण त्याने चिकटवलेले सी३बी हे कॉम्प्लिमेंट प्रथिन तिथेच राहते. आयजीएमला धरणारा ग्राहक मॅक्रोफेजकडे नसल्यासारखाच असतो. सी३बीला धरणारे मात्र यकृतातल्या कुप्फर पेशींकडे भरपूर असतात. म्हणून येथे पेशी मुख्यतः यकृतात मरतात. ज्या वाचतात त्यांच्यावरच्या सी३बीचे तुकडे होऊन शेवटी सी३डी उरते, आणि कूम्ब्स चाचणीत आपल्याला तेच सापडते. येथे पांथरी काढून काही हाती लागत नाही आणि स्टिरॉइडचाही फारसा उपयोग होत नाही.

आम्ही आजींचे नवे रक्त ईडीटीएच्या नळीत घेतले, पेशी ३७ अंशांच्या सलाइनने धुतल्या आणि चाचणी दोन वेगळ्या सीरमने केली. आयजीजी निगेटिव्ह आणि सी३डी तीन प्लस आले, आणि नुसत्या सलाइनची नियंत्रण नळी स्वच्छ राहिली. त्या नियंत्रण नळीकडे दुर्लक्ष करू नये. पेशी आपसूक गोळा होत असतील, तर प्रत्येक नळी पॉझिटिव्ह दिसते आणि त्या चाचणीला काहीच अर्थ राहत नाही. साध्या नळीत साकळलेल्या रक्तावर ही चाचणी करण्याचा मोहही टाळावा. असा नमुना फ्रिजमध्ये राहिला तर निरोगी माणसाचे निरुपद्रवी थंड प्रतिपिंडही नळीतच कॉम्प्लिमेंट चिकटवतात. ईडीटीएच्या नळीत मात्र ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवत असल्यामुळे हे घडत नाही.

मी आजींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पहाटे भांडी घासली की बोटं निळी पडतात बाई, चुलीपाशी बसलं की परत बरी होतात." हा प्रश्न सहा आठवड्यांत त्यांना कोणी विचारलाच नव्हता. पुढे त्यांच्या रक्तात एकाच जातीचा आयजीएम सापडला आणि रक्तविकारतज्ज्ञांनी स्टिरॉइड हळूहळू कमी करून रिटुक्सिमॅब सुरू केले.

थोडक्यात सांगण्यासारख्या आणखी काही चुका

"जी म्हणजे गरम" हे विद्यार्थ्यांचे लाडके सूत्र आहे आणि परीक्षेपुरते ते ठीक आहे. परंतु मुलांमध्ये विषाणूच्या तापानंतर अचानक लाल लघवी होते, तेव्हा कधी कधी डोनाथ-लँडस्टायनर प्रतिपिंड सापडतो. तो आयजीजी असूनही थंडीत चिकटतो आणि शरीर गरम झाल्यावर पेशी थेट रक्तवाहिनीतच फोडतो. काही रुग्णांत गरम आणि थंड दोन्ही प्रतिपिंड असतात, आणि निव्वळ गरम प्रकारातही आयजीजीबरोबर सी३डी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून सूत्रापेक्षा चाचणीवर विश्वास ठेवावा.

४ अंशांना काढलेला टायटर, म्हणजे सीरम किती पट पातळ केले तरी प्रतिपिंड पेशी धरतो तो आकडा, पाहून घाबरू नये, आणि निर्धास्तही होऊ नये. आजींचा टायटर ५१२ होता, पण त्याहून महत्त्वाचे हे की त्यांचा प्रतिपिंड ३० अंशांनाही पेशी धरत होता. हिवाळ्यात बोटांच्या टोकांचे तापमान तिथवर सहज उतरते. टायटर मोठा असूनही प्रतिपिंड फक्त ४ अंशांना काम करत असेल, तर रुग्णाला बहुधा काहीच होत नाही. शिवाय टायटरसाठीचे रक्त गोठेपर्यंत आणि सीरम वेगळे होईपर्यंत ३७ अंशांवरच ठेवावे लागते, नाहीतर प्रतिपिंड पेशींवर बसतो आणि टायटर खोटा कमी येतो. मी त्यासाठी रुंद तोंडाचा थर्मास आणि कोमट पाणी वापरते, आणि शक्य असेल तर रुग्णालाच प्रयोगशाळेत बोलावते.

रक्त चढवण्याच्या वेळी गरम प्रकारात एकही पिशवी जुळत नाही, आणि त्या कारणाने रक्त रोखून धरलेले मी पाहिले आहे. आयजीजी सगळ्यांच्याच पेशींना धरत असल्याने क्रॉसमॅच स्वच्छ येण्याची वाट पाहत राहिलो तर रुग्ण हातचा जाऊ शकतो. त्यामागे दुसरा परका प्रतिपिंड दडलेला नाही ना, एवढे रक्तपेढीने शोषण पद्धतीने तपासून पाहावे आणि रक्त द्यावे. थंड प्रकारात खोली आणि हातपाय उबदार ठेवावेत आणि रक्त वॉर्मरमधून द्यावे. एका ठिकाणी वॉर्मर नव्हता म्हणून नातेवाइकांनी पिशवी चहाच्या पातेल्यातल्या गरम पाण्यात बुडवलेली मी डोळ्यांनी पाहिली. ४२ अंशांच्या पुढे तापलेल्या पेशी फुटू लागतात, आणि ती पिशवी आम्हाला टाकून द्यावी लागली.