दूध सोसायटीच्या मोहिमेसाठी बायकांचं गाणं लिहिताय? या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, धारबांदोडा भागात दूध सोसायटीची स्वच्छ दुधाची मोहीम निघाली की कुणीतरी म्हणतंच, बायकांना एक गाणं बसवून द्या, फुगडीच्या चालीवर. मग शाळेतल्या बाईंकडे नाहीतर भजनी मंडळातल्या कुणाकडे काम जातं आणि दोन दिवसांत असं काहीतरी तयार होतं:

स्वच्छ दूध काढूया, रोगराई पळवूया
योग्य भाव मिळवूया, प्रगती आपली साधूया

वृत्ताला धरून आहे, म्हणायलाही सोपं आहे. पण रोज पहाटे गाईखाली बसणाऱ्या बाईला यातून एकही नवी गोष्ट कळत नाही. ‘स्वच्छ’ म्हणजे काय, ‘योग्य भाव’ म्हणजे कोणता, हे गाण्यात कुठेच नाही. ही झाली पहिली चूक, आणि ती ओळखायला सोपी आहे. खालच्या चुका जरा आत लपलेल्या असतात.

यमकासाठी काम बिघडवणं

दूध काढण्याच्या कामाला ठरलेला क्रम आहे आणि वेळेची मर्यादाही आहे. कासेला कोमट पाणी लागलं, हात लागला की थोड्याच वेळात गाय पान्हा सोडते. हा पान्हा साधारण पाच ते सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात धार संपवायची असते. आता हे कडवं बघा:

आधी धुऊ दोन्ही हात
मग गाईची गो कास
कोरड्या गो फडक्यानं
पुसू बाई सावकाश

‘कास’ला ‘सावकाश’ छान जुळलं. पण सावकाश पुसत बसलं तर पान्हा ओसरू लागतो आणि दूध कासेतच राहतं. लिहिणारीला ‘नीट’ म्हणायचं होतं, यमकानं तिच्याकडून ‘हळू’ म्हणवून घेतलं. शेवटची ओळ ‘पुसून लागू कामास’ अशी केली की अक्षरं तेवढीच आठ राहतात, यमकही टिकतं आणि सांगणं बरोबर होतं. पुसणं मात्र गाळू नका. ओल्या कासेवरून मळकट पाणी निथळून बादलीत उतरतं, म्हणजे धुऊन न पुसणं हे न धुण्याच्याच जवळपास जातं.

क्रमातली सर्वांत जास्त वेळा गळणारी पायरी म्हणजे पहिल्या धारा. सडाच्या तोंडाशी थांबलेल्या त्या दुधात जंतू जास्त असतात. शिवाय कासेचा आजार आत सुरू झालेला असेल तर बारीक गुठळ्या पहिल्यांदा तिथेच दिसतात. पांढऱ्या भांड्यात त्या दिसत नाहीत, म्हणून काळी वाटी:

पहिल्या चार गो धारा
काळ्या वाटीत सोडून
गुठळी दिसली तर
ते दूध ठेवू काढून

आणि धार झाल्यावर लगेच गाय खाली बसू द्यायची नाही, कारण सडाचं तोंड अर्धा तास तरी पुरतं मिटलेलं नसतं आणि गोठ्यातली घाण तिथूनच आत शिरते. त्याला दोन ओळी पुरतात: ‘धार झाली की गाईला, चारा घालू, ठेवू उभी’. चारा समोर असला की ती आपोआप उभी राहते.

गवळणींच्या गाण्यांवर वाढलेले आपण लोक आणखी एका ठिकाणी फसतो. दुधात भिजलेली बोटं, हातावर ओघळणारी धार, हे वर्णन कानाला गोड लागतं. पण बोटं दुधात बुडवून सड ओढण्याची सवय मोडायची म्हणूनच तर ही मोहीम आहे. कोरड्या हातानं, पूर्ण मुठीत सड धरून काढायला हवं. मोहिमेच्या गाण्यात भिजलेली बोटं आली की बायका एकमेकींकडे बघून हसतात, आणि बरोबरच हसतात.

‘स्वच्छ दूध, जास्त दर’ असं वचन देणं

माझ्या मते या गाण्यांतली ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सोसायटीत दर ठरतो तो फॅटवर आणि फॅट सोडून दुधात जे घट्ट असतं त्यावर, म्हणजे एसएनएफवर. हात धुतल्यानं फॅट वाढत नाही. गाणं ऐकून एखादीनं महिनाभर सगळं नीट केलं आणि चिठीवर दर तोच राहिला, तर तिचा गाण्यावरचा विश्वास जातो आणि हात धुण्यावरचाही.

स्वच्छतेनं दोन फायदे होतात, तेवढेच सांगा. एक म्हणजे दूध नासून परत येत नाही. आपल्या दमट हवेत सकाळचं दूध केंद्रावर पोचून थंड होईपर्यंतचा तास-दीड तास फार नाजूक असतो. आधीच जंतूंनी भरलेलं दूध तेवढ्यात आंबायला लागतं आणि तापवून बघितलं की फुटतं. दुसरं म्हणजे कासेचा आजार टळतो, आणि तो टळला की दूधही कमी होत नाही. त्यामुळे ‘स्वच्छ दूध, जास्त दर’च्या जागी साधं ‘निवळ दूध नासेना, परत घरी येईना’ लिहिलं तरी चालतं.

दर खरोखर हलतो तो दुसऱ्याच एका सवयीमुळे, आणि ती गाण्यात आलीच पाहिजे. धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं आणि शेवटचं सर्वांत दाट. घाईत उठणारी बाई जे थोडं कासेत सोडते, त्यातच फॅट सर्वांत जास्त असतं.

एक हिशेब करून बघू, आकडे समजण्यापुरते धरलेले. एक गाय एका वेळेला पाच लिटर देते. शेवटचा अर्धा लिटर कासेत राहिला तर साडेचार लिटर सोसायटीत जातं, त्याचं फॅट 3.5. उरलेल्या अर्ध्या लिटरचं फॅट 8 धरा. तेही काढून मिसळलं तर सगळं मिळून 3.9 च्या थोडं वर जातं. 3.5 फॅटला लिटरमागे 36 रुपये आणि पुढच्या प्रत्येक पॉइंटला, म्हणजे 0.1 फॅटला, 30 पैसे असं दरपत्रक असेल, तर आधीच्या दुधाचे 162 रुपये होतात. पूर्ण काढल्यावर दर 37 रुपये 20 पैसे होतो आणि पाच लिटरचे 186 मिळतात. एका वेळेला 24 रुपयांचा फरक. गाण्यात हा सगळा हिशेब कोंबायचा नाही, चार ओळी खूप झाल्या:

शेवटच्या धारेमध्ये
फॅट सगळ्यात भारी
थोडं राहिलं कासेत
तोटा आपल्याच दारी

यावर एखादी हमखास विचारते, ‘मग वासराक कितें दिवप?’ प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर गाणं शिकवणारीकडे हवं. वासराचं दूध बंद करायचं नाही, त्याचा वाटा मोजून आधी वेगळा काढायचा किंवा एक सड त्याच्यासाठी ठेवायचा. शेवटच्या दाट धारा तेवढ्या कासेत सोडायच्या नाहीत.

पैशाच्या कडव्यात कुणावर बोट दाखवणं

रास्त मोबदल्याचं कडवं लिहिताना हात शिवशिवतात. मग अशा ओळी येतात:

दहा किलो दूध माझं
नऊ सात कुणी केलं

यावर टाळ्या पडतात, पण आरोप चुकीचा ठरू शकतो. एक लिटर दूध भरतं साधारण 1.03 किलो. काट्यावर दहा किलो आलं तर लिटरमध्ये ते 9.7 च होतं. काटा किलोत आणि चिठी लिटरमध्ये असेल तर हा फरक चोरी नाही, हिशेब आहे. आणि सोसायटीचा सेक्रेटरी गावातलाच, कुणाचा तरी भाऊ नाहीतर दीर असतो. गाण्यातली चुकीची एक ओळ त्या घरच्या बाईला फेरातून बाहेर काढते, मग तिच्या बाजूच्या चौघी येत नाहीत.

मात्र खरी फसवणूक असेल तर ती कशी ओळखायची हे गाण्यानं शिकवावं. फॅट वर तरंगतं, म्हणून भांड्यातलं दूध नीट ढवळल्याशिवाय नमुना घेतला तर वाचन चुकतं. ‘ढवळून घ्या हो’ एवढी ओळ फेरात आली की केंद्रावर उभी असलेली बाई ते बोलायला लाजत नाही. आणि मागायची ती चिठी:

लिटर फॅट नि डिग्री
दर किती, पैसे किती
चिठी द्या हो सेक्रेटरी
वाचू घेऊन गो हाती

एसएनएफ हा शब्द फुगडीच्या तालात बसत नाही. तो ज्यावरून काढतात त्या लॅक्टोमीटरच्या वाचनाला बायका डिग्री म्हणतात, तोच शब्द घ्या.

एक गोष्ट बहुतेक गाण्यांतून राहून जाते. दूध काढते बायको, सभासद असतो नवरा, पैसे जातात त्याच्या खात्यात. गटातल्या बायकांची तयारी असेल तरच यावर एखादी ओळ घाला. जिच्या घरी त्यावरून वाद होईल, तिच्या तोंडी ती बळजबरीनं देऊ नका.

चाल आणि जागा

फुगडीचा फेर संथ सुरू होतो आणि मग वेग घेतो. वेग आला की दम लागतो, शब्द तुटतात, शेवटी नुसता ‘फू’ उरतो. तरी लोक नेमकं चिठीचं कडवं शेवटी, वेगात ठेवतात आणि ते कुणालाच ऐकू येत नाही. सगळी माहिती संथ भागात संपवा. वेगाला चार शब्द ठेवा: धू, पूस, बघ, काढ. एका टाळीला एक शब्द, आणि कामाचा क्रमही तोच.

धालो या बायकांच्या नाचगाण्याची चाल यापेक्षा सांगण्याला सोयीची आहे, कारण समोरासमोरच्या दोन रांगा एकमेकींना उत्तर देतात. एका रांगेनं विचारायचं, ‘फॅट कशान उणें जालें?’ दुसरीनं सांगायचं. पण पौषात मांडावर धालो चालू असताना हे गाणं मधे घुसवू नये. मांडाला पावित्र्य आहे, तिथल्या गाण्यांना क्रम आहे. चाल घ्या आणि सोसायटीच्या अंगणात म्हणा.

गाणं तयार झालं की ते छापण्याआधी रोज धार काढणाऱ्या बाईसमोर म्हणा आणि तिला रिकामी बादली घेऊन तसं तसं करायला सांगा. तिचा हात जिथे अडेल ती ओळ चुकलेली आहे. प्रत्यक्ष दराचा आकडा गाण्यात घालू नका. दरपत्रक बदललं की ते कडवं खोटं पडतं, आणि पाठ झालेलं गाणं सहजासहजी दुरुस्त होत नाही.