दोन नोकऱ्यांची तुलना करताना या चुका टाळा

माझ्या भाच्याला गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. गाव सेलू तालुक्यातलं, वर्धा जिल्हा. एक नोकरी गावापासून सहा किलोमीटरवरच्या जिनिंगमध्ये हिशेबाची, हातात १४,५००. दुसरी चाळीस किलोमीटरवर बुटीबोरी एमआयडीसीत, सीटीसी ३ लाख. तो म्हणाला, "मामाजी, पंचवीस हजार होते ना महिन्याचे, मंग विचार कायचा?"

पहिली चूक इथेच होते. सीटीसी म्हणजे पगार नव्हे, कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. त्याच्या पत्रात मूळ वेतन १२,५०० होतं. कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा, ग्रॅच्युइटी आणि वर्षातून एकदा मिळणारा बोनस २५,००० मध्येच धरलेला. त्याचा स्वतःचा पीएफ आणि दोनशे रुपये व्यवसाय कर कापून हातात २०,१६० येणार होते. पीएफ बुडत नाही, पण त्यातून दर महिन्याचा किराणा येत नाही.

दुसरी चूक, रस्ता हिशेबात न धरणे. रोज ८० किलोमीटर, २६ दिवस, म्हणजे महिन्याला दोन हजारांवर किलोमीटर. गाडीने लिटरला ५० दिले तरी पेट्रोल साधारण ४,४०० चं, वर ऑइल, टायर, चेन मिळून सातशे. उरले १५,०००. शिवाय रोजचे अडीच तास, महिन्याचे ६५. रात्रपाळी सुटल्यावर झोपेत गाडी चालवणं याची किंमत मला कागदावर मांडता येत नाही, पण सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच वाटते. जिनिंगला पेट्रोल जेमतेम ६५० चं. म्हणजे फरक बाराशेच्या आसपास राहिला.

मग गावचीच बरी? मीही तसंच म्हणालो होतो, आणि ती माझी चूक. जिनिंग कापसाच्या हंगामावर चालतं. दिवाळीनंतर धडाका, उन्हाळा लागला की आवक आटते. "पगार बारा महिने का?" हे विचारायचं राहून गेलं होतं. विचारल्यावर कळलं, पाच महिने अर्धा पगार. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला साडेअकरा हजारच.

बुटीबोरीच्या पत्रावरही कंपनीचं नव्हे, ठेकेदाराचं नाव होतं. असं असेल तर तिथल्या दोन-तीन जुन्या पोरांना भेटा. दोन वर्षांत ठेकेदाराकडचे किती जण कंपनीच्या रोलवर गेले, हे त्यांना नावानिशी सांगता येतं. त्यांच्या पीएफ पासबुकात दर महिन्याची नोंद आहे का, तेही पाहा. पगारातून कापलेला पीएफ तिथे दिसत नसेल, तर तो ठेकेदार सोडा. भाच्याने पाहिलं. नोंदी नियमित होत्या आणि ओळखीतले दोघे रोलवर गेलेले.

त्याने बुटीबोरी घेतली, पण रोजची ये-जा नाही. तिघांत खोली, मेस आणि रविवारी गावी येणं धरून त्याच्याजवळ चौदा हजारांवर उरतात. घरून जाण्यापेक्षा नऊशे कमी, पण ते ६५ तास आणि पावसाळ्यातला रस्ता वाचला.