साहेबांचा एका शब्दाचा मेसेज: राग शोधण्याआधी काय वाचायचं

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या मशीन शॉपमध्ये दरवर्षी डिप्लोमा झालेली नवी पोरं रुजू होतात. कुणी खानापूरकडचं, कुणी निपाणीचं, कुणी चंदगडहून रोज येऊन-जाऊन करणारं. मी क्वालिटीत आहे आणि नव्यांना मोजमाप शिकवणं माझ्याकडे असतं. गेज धरायला ही मुलं लवकर शिकतात. ती अडतात भलत्याच ठिकाणी. सरांचा मेसेज येतो, त्यात एकच शब्द असतो, आणि पोरगा दुपारपर्यंत गप्प. डबा खाताना शेजाऱ्याला विचारतो, "सर माझ्यावर चिडलेत का हो?" त्या वेळात मशीन थांबलेलं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या सेटिंगवर चालू असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे घडलेलं एक उदाहरण घेतो. हायड्रॉलिक पंपाची बॉडी, बिडाच्या ओतकामाची. त्यात 62 H7 चा बोअर, म्हणजे मापाला 62.000 ते 62.030 एवढीच मोकळीक, फक्त 30 मायक्रॉन. सकाळी नव्या सेटिंगचा फर्स्ट पीस निघाला. पोराने बोअर गेजने मोजला, माप आलं 62.034. त्याने सरांना मेसेज टाकला:

"गुड मॉर्निंग सर. सॉरी, डिस्टर्ब करतोय. पंप बॉडीचा फर्स्ट पीस मोजला. 62 चा बोअर 62.034 दाखवतोय सर. परत परत मोजून बघितला, तेवढाच येतोय. ऑफसेट कमी करू का सर, की पीस रिजेक्ट करू? माझं काही चुकलं असेल तर माफ करा सर."

उत्तर आलं: "टेम्परेचर?"

एवढंच. गुड मॉर्निंगला गुड मॉर्निंग नाही, ऑफसेटचं उत्तर नाही, रिजेक्टचं नाही. पोराने त्यातून एकच अर्थ काढला: एवढी साधी गोष्ट कळत नाही का, असं सर म्हणताहेत.

आता तोच शब्द कामाच्या बाजूने वाचू. मापं 20 अंश सेल्सिअसला धरायची, हा जगभरचा ठरलेला नियम आहे. बीड आणि पोलाद तापले की दर मीटरला दर अंशाला साधारण 11 मायक्रॉन वाढतात. म्हणून 20 नसलं तरी पीस आणि रिंग एकाच तापमानाला असली, तर दोन्ही जवळपास सारखीच वाढतात आणि माप खरं येतं. 62 मिलिमीटरच्या बोअरला ते दर अंशाला जेमतेम 0.7 मायक्रॉन होतं. पीस मशीनवरून नुकताच उतरलाय, समजा 33 अंशांवर आहे. गेज ज्या सेटिंग रिंगवर शून्य केलं ती रिंग क्वालिटी रूममध्ये होती, 24 अंशांवर. फरक 9 अंशांचा. म्हणजे बोअर जवळपास 6 मायक्रॉन मोठा दिसणार. 62.034 मधून 6 मायक्रॉन गेले की 62.028 राहतात, आणि ते मोकळिकीच्या आत आहे.

म्हणजे सरांनी त्या एका शब्दात पोराच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली होती. ऑफसेटला आत्ता हात लावू नकोस, पीसही बाजूला फेकू नकोस, आधी माप खरं आहे का ते बघ. जे प्रश्न त्यांनी सोडून दिले, ते रागाने सोडलेले नव्हते. टेम्परेचरचं उत्तर आल्याशिवाय त्या प्रश्नांना अर्थच नव्हता.

आखूड उत्तर आलं की मी नव्यांना हेच करायला लावतो. आधी आपला मेसेज उघडायचा आणि त्यातल्या कोणत्या वाक्याला हे उत्तर चिकटतं ते शोधायचं. मग विचारायचं, हा शब्द खरा मानला तर पुढच्या दहा मिनिटांत माझे हात काय करतील? हातांना काम मिळालं, तर मेसेज पूर्ण आहे. राग, नाराजी, कौतुक हे सगळं त्यानंतर, आणि बहुतेक वेळा त्याची गरजच उरत नाही.

तरी शंका राहिलीच, तर दुसरी गोष्ट बघायची: हे सर इतरांना कसं लिहितात? सेक्शनच्या ग्रुपवर वर जाऊन त्यांचे जुने मेसेज वाचा. "रेव्हिजन?" "फोटो." "उद्या." "नको, थांब." पंधरा-वीस वर्षं सोबत काम केलेल्या फोरमनलाही तेच, आणि मालक विचारतात तेव्हाही दोनच शब्द. मग तुमच्या वाट्याला वेगळं काही आलेलं नाही. त्यांच्या बोटांना ऑइल लागलेलं असतं, एका अंगठ्याने टाइप करतात, आणि दुसऱ्या हातात ड्रॉइंग असतं.

आपल्या भागात यात आणखी एक पदर आहे. बेळगावात बऱ्याच साहेबांची घरची भाषा कन्नड असते, शॉपफ्लोअरवर मराठी, आणि रिपोर्ट इंग्रजीत. समोरासमोर हेच सर दर वाक्याला "री" लावून बोलतात, खांद्यावर हात ठेवून समजावतात. मेसेज लिहिताना मात्र ते आपली नसलेली भाषा वापरतात, आणि त्यात जेवढा शब्द खात्रीचा तेवढाच टाकतात. बोलण्यातला गोडवा टाइप होत नाही. मराठी घरातले साहेब कन्नड ऑपरेटरला लिहितात तेव्हा उलट बाजूने हेच होतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, दोघेही एकमेकांना चिडके वाटतात, आणि प्रत्यक्षात दोघेही फक्त शब्द जपून वापरत असतात.

मग खरा राग ओळखायचा कसा? माझ्या पाहण्यात, रागावलेला वरिष्ठ आखूड लिहीत नाही, लांब लिहितो. त्यात मागची गोष्ट येते: "गेल्या आठवड्यात पण सांगितलं होतं." त्यात तुमचं नाव येतं, एरवी नाव घेत नसतानाही. मेसेज एकट्याला न येता मॅनेजरला सोबत ठेवून येतो. किंवा मेसेज येतच नाही, थेट केबिनमध्ये बोलावणं येतं. एरवी दोन शब्दांत लिहिणाऱ्याने अचानक पूर्ण, औपचारिक वाक्यं लिहायला सुरुवात केली, तर तिथे जरूर थांबून विचार करा. एक शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह, यात यातलं काहीच नसतं. उलट प्रश्न विचारलाय म्हणजे त्यांनी तुमचं माप गांभीर्याने घेतलं आहे.

आता उत्तर. त्या पोराने आधी जे लिहिलं होतं ते असं: "सॉरी सर, माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही रागावू नका सर, मी पुढच्या वेळी नक्की काळजी घेईन, आत्ता लगेच चेक करतो सर." मी पाठवू दिलं नाही. त्यात सर शब्द तीनदा आहे, टेम्परेचर एकदाही नाही. एवढं वाचून सरांना पुन्हा तेच विचारावं लागलं असतं, आणि मग मात्र ते वैतागले असते.

आम्ही मिळून पाठवलं ते हे:

"पीस 33, रिंग 24. दोन्ही सरफेस प्लेटवर एकत्र ठेवलेत सर. 1 तासाने मोजून कळवतो. ऑफसेट बदललेला नाही."

विचारलेल्या गोष्टीचा आकडा पहिला. मग आपण काय केलं. मग पुढचं कधी. आणि शेवटी काय केलेलं नाही, कारण सरांच्या डोक्यात तीच भीती असणार. बस. यावर सरांचं उत्तर आलंच नाही. उत्तर न येणं म्हणजे चालू द्या, हेही त्या दिवशी तो शिकला. तासाभराने पोराने लिहिलं: "62.028. दोन्ही 24 वर. ओके धरून बॅच सुरू करतो सर." उत्तर आलं: "ओके."

हा "ओके" किती मोलाचा होता ते सांगतो. बोअरिंगची टिप झिजत जाते तसा बोअर लहान होत जातो. थंड माप 62.028 असलं, तर झिजेबरोबर ते खाली येत मोकळिकीच्या मध्याकडे सरकतं, बॅच आरामात निघते. तेच गरम माप खरं धरून पोराने ते मध्यावर आणायला ऑफसेट 19 मायक्रॉनने कमी केला असता, तर पीस थंड झाल्यावर 62.009 निघाले असते, आणि टिप झिजत गेल्यावर बोअर 62.000 च्या खाली जायला फारसं अंतर उरलं नसतं. सगळं त्या एका प्रश्नावर टळलं.

साहेबांइतकंच आखूड उत्तर द्यायचं म्हणजे त्यांच्यासारखंच लिहायचं असं मात्र नाही. वरिष्ठ "बघ" लिहितात, आपण "बघा" असंही उलट लिहायचं नाही. त्यांना काही करायला सांगायचंच असेल, तर आज्ञार्थ टाळून लिहिता येतं: "ड्रॉइंग पाहून सांगा" ऐवजी "ड्रॉइंगचा फोटो पाठवलाय सर, रेव्हिजन 3 धरू का?" मेसेजमध्ये एकदा सर पुरे. माफी फक्त खरोखर चूक झाली असेल तर, तीही एका वाक्यात आणि सुधारणेसोबत. आकड्याच्या जागी हात जोडलेलं चित्र कधीच नाही. आणि "ओके" वर "थँक यू सर" पाठवायची गरज नसते. सरांच्या फोनवर दिवसात असे कित्येक थँक यू येतात, आणि त्यांच्याखाली पुढच्या पोराचं 62.034 दडून जातं.

कधी उत्तर खरंच अर्धवट असतं. "ऑफसेट बदलू की टिप बदलू?" याला "नको" आलं, तर नक्की कशाला नको? इथे अंदाज बांधून गप्प बसायचं नाही, आणि "समजलं नाही सर, जरा नीट सांगाल का" असंही लिहायचं नाही. आपण जे समजलो ते मांडून एकच प्रश्न विचारायचा: "दोन्ही नको धरतो सर, पुढचे 5 पीस मोजून पाठवतो. चालेल?" यावर त्यांना हो किंवा नाही एवढंच लिहावं लागतं. चुकीचं समजलो असलो, तर ते लगेच अडवतात.

आणि मशीन चालू असेल, पीस मोकळिकीच्या बाहेर पडत असतील, तर मेसेजची वाट बघायचीच नाही. ऑपरेटर मामांना सांगून सायकल थांबवायची, पीस वेगळे ठेवून त्यांना लाल टॅग लावायचा आणि चालत सरांकडे जायचं. तिथेही पहिलं वाक्य मापाचंच.